नऊ पावांचा वजीर

"पुढच्या वेळी क्रिकेटचा माणूस बोलवा हो," असं एक काका संयोजकांना म्हणाले. माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून, आणि माइक चालू असताना. गंगापूर रोडच्या त्या हॉलमध्ये जेवढे लोक होते, तेवढ्या सगळ्यांनी ऐकलं. परवाची गोष्ट आहे, अजून घशाखाली उतरत नाही.

बुद्धिबळाची फायनल होती आणि समालोचन माझ्याकडे. रॅपिड, म्हणजे प्रत्येकाला 15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद जादा. खेळाडू वरच्या मजल्यावर दार लावून बसलेले, कारण समालोचन त्यांच्या कानावर गेलं तर तो फुकटचा सल्ला झाला. खाली पडदा, शंभरेक खुर्च्या, आणि घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे काही माहीत नसलेली मंडळी. पहिल्या रांगेत पंचवटीचे हे काका.

अशा लोकांपुढे "घोडा एफ-सहा" म्हणायचं नसतं. पट फळ्यावरच्या गणितासारखा दिसू लागला की माणूस मोबाइल काढतो. म्हणून मी आधी भाव सांगितले, तेही पावांत, कारण बाहेर मिसळीचा वास सुटला होता. प्यादं एक पाव, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला भाव नाही. तो गेला की हॉटेलच बंद.

"मग आत्ता किती झाले?" काका.

काळ्याच्या वजिराने पांढऱ्याच्या टोकाला जाऊन बी-दोनवरचं प्यादं खाल्लं होतं. मी म्हटलं, काळा एका पावाने पुढे, पण नुसते पाव मोजू नका. काळ्याचा राजा कोपऱ्याजवळ जी-आठवर बसलाय, पुढे त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी, एकही खिडकी नाही. मागच्या ओळीवर राखण करायला एकटा हत्ती, आणि वजीर गेलाय पाव आणायला. समालोचनात एवढीच कारागिरी असते. धोका घडण्याआधी सांगून ठेवायचा, नाहीतर तो घडतो तेव्हा प्रेक्षकाला चूक वाटतो. म्हणून राजाला खिडकी नाही, हे मी दोनदा म्हटलं.

मग पांढरा विचारात पडला. साडेतीन मिनिटं. क्रिकेटवाल्याला षटकं संपल्यावर जाहिरात मिळते, आम्हाला शांतता मिळते. अशा वेळेसाठी कागदावर मजकूर ठेवलेला असतो: बुद्धिबळपटू विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, 2023 साली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला, 2024 मध्ये टोरांटोला कँडिडेट्स स्पर्धा खेळला. टाळ्या झाल्या. वीस सेकंद गेली. उरलेली तीन मिनिटं दहा सेकंद काका बोलले.

पडद्याच्या कडेला काळी-पांढरी पट्टी होती. संगणकाच्या मते कोणाची बाजू किती चांगली, ते ती दाखवते. ती बंद ठेवा असं मी सकाळीच सांगितलं होतं, पण पडदा सांभाळणाऱ्या मुलाला ती 'छान दिसते'. काळ्याने पाव खाल्ला त्याच क्षणी ती सगळी पांढरी झाली. "पाव काळ्याने खाल्ला आणि मार्क पांढऱ्याला?" काकांनी मागे वळून सगळ्यांना विचारलं. पट्टी म्हणजे गुण नव्हेत, हे सांगेपर्यंत हॉलमध्ये पंच कोण, इथवर चर्चा पोचली होती.

आणि पांढऱ्याने वजीर थेट ई-आठवर नेला. शह! काळ्याच्या हत्तीच्या तोंडात!

"गेला! नऊ पाव गेले!" काका उभे. त्याच क्षणी वर काळ्याने घड्याळ थांबवून हात पुढे केला. काका ओरडले, "अरे, हात काय मिळवतोस? वजीर फुकट मिळतोय, घे की!"

खरंतर वजीर घेण्यावाचून त्याला दुसरी चालच नव्हती. पण हत्तीने वजीर मारला की ई-एकवरचा पांढरा हत्ती सरळ वर येऊन त्या हत्तीला मारणार, शेवटची ओळ ताब्यात, राजापुढे स्वतःचीच भिंत, मात. चांगला खेळाडू तिथवर थांबत नाही, आधीच उठतो. म्हणून डाव सोडला की न खेळलेल्या चाली पडद्यावर खेळून दाखवायच्या असतात, नाहीतर राजा मेला कुठे हे कुणालाच कळत नाही. मी तेच म्हणणार, तोवर पडद्यावर प्रायोजकाच्या पाइपांची जाहिरात लागली. तेव्हा आलं ते क्रिकेटचं वाक्य.

मिसळीच्या रांगेत काकांनी मला गाठलं. मी तर्रीची वाटी ठेवली, पुढे तीन पाव उभे केले, बाजूने चमचा सरकवत आणला. काका बराच वेळ वाटीकडे बघत राहिले.

"अहो, म्हणजे एक पाव आधीच पुढे सरकवला असता तर वाटीला पळायला जागा होती!"

"हो."

"मग हे माइकवर का नाही सांगितलंत?"