‘नशिबाने सुधारली म्हणता?’ : शिरपूरच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

«सर, तुमचा लेख घरात बसून आकडेमोड करणाऱ्याचा वाटला. चाचणीत सगळ्यात कमी मार्क पडलेल्या १२ मुलांचे मी महिनाभर जादा तास घेतले. पन्नासपैकी त्यांची सरासरी ९ वरून १६ वर गेली. हे नशिबाने झालं म्हणता? हा शिक्षकांचा अपमान आहे. तुम्ही तर तोच पेपर दोनदा दिला होता, मग मार्क वाढणारच. आणि सगळेच सरासरीकडे सरकत असतील तर दहावीपर्यंत सगळ्यांना सारखे मार्क पडायला हवेत. – शिरपूरचा एक शिक्षक»

माझ्या एका वर्गाच्या दोन चाचण्यांचे आकडे देऊन मी लेखात लिहिलं होतं की सगळ्यात कमी मार्कांची पोरं पुढच्या चाचणीत न शिकवताही वर येतात. त्यावरची ही प्रतिक्रिया. सर, उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमचं पहिलंच वाक्य मनाला लागलं. मी ३१ वर्षं चोपडा तालुक्यात गणित शिकवलं. जादा तास मीही घेतले, सकाळी साडेसहाला, एक रुपया न घेता. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असायचा, तेव्हा संध्याकाळी पोरांच्या अंगणात बसून अपूर्णांक शिकवले. हे सांगायची इच्छा नव्हती, पण तुम्ही माझं घर आणि माझी खुर्ची मध्ये आणलीत. मतभेद मांडायला त्याची गरज नव्हती. लेखातली एखादी ओळ दाखवून ‘ही चूक आहे’ म्हटलं असतं, तर मला आनंदच झाला असता.

तशी एक ओळ तुम्ही दाखवलीत, ती मान्य करतो. दोन्ही वेळा पेपर तोच होता. हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं.

आता ‘नशीब’. हा शब्द तुमचा आहे, माझ्या लेखात तो कुठेच नाही. मी लिहिलं होतं की एका चाचणीतल्या मार्कात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पोराला जे खरोखर येतं ते, आणि त्या दिवसाचं कमी-जास्त. आदल्या रात्री ताप होता, वीज नव्हती, नेमका न केलेला धडा पेपरात आला, बेरीज बरोबर येऊन उत्तर भलत्याच रकान्यात लिहिलं. माझा एक विद्यार्थी पेपर देऊन बाहेर आला आणि म्हणाला, ‘सर, आज डोकंच चालनं नही.’ त्याला पन्नासपैकी सात पडले. पोरगा सातचा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

वाईट दिवस कुणाचाही असू शकतो. पण आपण सगळ्यात कमी मार्कांची यादी काढतो, तेव्हा नकळत वाईट दिवसवाल्यांनाच जास्त गोळा करतो. ज्याला खरोखर १५ मार्कांचं येतं आणि दिवस वाईट गेला, तो यादीत येतो. ज्याला तेवढंच येतं आणि दिवस चांगला गेला, तो यादीतून निसटतो. दुसऱ्या चाचणीला दिवसांची वाटणी नव्याने होते. यादीतल्या सगळ्यांचाच दिवस पुन्हा वाईट जाणार नाही, म्हणून त्यांची सरासरी वर येते. यात कुणी शिकवलं की नाही, हा प्रश्न अजून आलेलाच नाही. याला सांख्यिकीत सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीवर लिहिलेला निबंध याच विषयावरचा आहे. त्यात शिक्षक नव्हते, जादा तास नव्हते, तरी फार उंच आई-वडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघाली नाहीत आणि फार बुटक्यांची मुलं तितकी बुटकी निघाली नाहीत. तुमच्या ‘दहावीपर्यंत सगळे सारखे’चं उत्तरही त्यातच आहे. इतक्या पिढ्या गेल्या, माणसं एका उंचीची झाली नाहीत. टोकावरची पोरं आत येतात, मधली काही टोकावर जातात, वर्गातली तफावत तेवढीच राहते. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अपमानाच्या मुद्द्यावर मात्र लिहायला हवं, कारण मीही एके काळी तुमच्यासारखाच चिडलो होतो.

आठवीचा वर्ग, साठ पोरं. ऑगस्टमध्ये पन्नास मार्कांची चाचणी घेतली. वर्गाची सरासरी २४ आली. खालच्या १२ जणांची यादी काढली, त्यांची सरासरी ११. सोमवारपासून जादा तास, असं फळ्यावर लिहिलं आणि रविवारी मी टायफॉइडने आडवा झालो. तीन आठवडे दवाखाना आणि घर. बदली शिक्षक मिळाला नाही, गणिताचा एकही तास झाला नाही. परत आलो तेव्हा पोरं कुठवर विसरली हे बघायला म्हणून कपाटातला तोच गठ्ठा काढून साठही जणांना दिला. त्या १२ जणांची सरासरी आली १७. सहा मार्कांची वाढ, शिक्षक अंथरुणात असताना! मुख्याध्यापकांनी तो कागद बैठकीत दाखवला आणि जादा तासांचा गुण म्हणून माझं कौतुक केलं. तास झालेच नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला. मला त्या दिवशी आनंद झाला नाही, राग आला. मग माझ्या आधीच्या सगळ्या वर्षांच्या तासांचं काय?

तुम्ही म्हणाल, पेपर तोच होता, म्हणून वाढले. थांबा. पेपर ओळखीचा असल्याचा फायदा एकट्या खालच्या पोरांना कसा होईल? तो सगळ्यांना व्हायला हवा. वर्गाची सरासरी २४ वरून २५ झाली, म्हणजे ओळखीचा फायदा सरासरी एका मार्काचा. आणि वरचे १२ जण, ज्यांची सरासरी आधी ३७ होती, ते तोच पेपर पुन्हा सोडवून ३३ वर आले. हुशार पोरं तीन आठवड्यांत चार मार्कांनी ढ झाली का? त्यांच्या यादीत चांगल्या दिवसवाले जास्त जमले होते, एवढंच. खालचे वर आले आणि वरचे खाली आले, हीच या गोष्टीची खूण आहे. शिकवण्याने किंवा पेपर पाठ झाल्याने वरचे खाली येत नाहीत.

याहून पक्की खूण मला नंतर सापडली. दुसऱ्या चाचणीतले सगळ्यात खालचे १२ जण निवडले. त्यांतली सहाच नावं पहिल्या यादीतली होती. या नव्या बारांची दुसऱ्या चाचणीतली सरासरी १२ होती. मग त्यांचे पहिल्या चाचणीतले मार्क काढले, तर सरासरी १६. म्हणजे मागच्या दिशेने पाहिलं तरी खालचे वरच दिसतात. आज घेतलेल्या तासाचा परिणाम तीन आठवड्यांपूर्वीच्या पेपरवर होऊ शकत नाही. ज्या वाटेने कारण जाऊच शकत नाही, त्या वाटेनेही ‘सुधारणा’ दिसत असेल, तर ती यादी काढण्याच्या पद्धतीतून आलेली असते.

आता तुमची १२ पोरं. तुम्ही ९ आणि १६ लिहिलंत, वर्गाची सरासरी लिहिली नाहीत. तिच्याशिवाय हिशोब होत नाही. माझ्या वर्गासारखी ती २४ धरू, आणि दोन्ही पेपर सारख्याच कठीणपणाचे धरू. तुमची पोरं सरासरीच्या १५ मार्क खाली होती. दोन चाचण्यांचे मार्क एकमेकांशी किती जुळतात, याचा आकडा म्हणजे सहसंबंध. पूर्ण जुळले तर १, अजिबात नाही तर ०. माझ्या दोन पेपरांत तो ०.६ आला होता. पंधराला ०.६ ने गुणलं की ९. म्हणजे काहीही न शिकवता तुमची पोरं दुसऱ्यांदा सरासरीच्या ९ मार्क खाली, १५ च्या आसपास दिसली असती. तुमच्याकडे १६ आले. शिकवण्याच्या वाट्याला एक मार्क राहतो. पण तुमचा पेपर माझ्यापेक्षा चांगला असेल आणि सहसंबंध ०.८ असेल, तर ती १२ वर आली असती आणि तुमच्या तासांचे चार मार्क झाले. चार मार्क ही मोठी गोष्ट आहे. मी तुमचे तास वाया गेले म्हणत नाही. सातपैकी किती तुमचे, हे तुमच्या कागदावरून कळत नाही, एवढंच म्हणतो. यात अपमान कुठे दिसला?

ही गोष्ट दरवेळी होत नाही, हेही लिहितो, म्हणजे मी सगळ्याला एकच औषध लावतो असं वाटायला नको. यादी मार्कांवरून न काढता हजेरी क्रमांकावरून काढलीत, तर हा सरकणारा भाग येणार नाही. दोन-तीन चाचण्यांची सरासरी घेऊन यादी काढलीत, तर तो कमी होईल, कारण एका दिवसाचं वजन घटतं. आणि आधी एका चाचणीवर यादी काढून, तास सुरू करण्यापूर्वी दुसरी चाचणी घेतलीत आणि तिचे मार्क ‘आधीचे’ म्हणून धरलेत, तर बराचसा भाग तिथेच निघून जातो.

मी टायफॉइडनंतरच्या वर्षापासून वेगळा मार्ग धरला. खालच्या २४ जणांची यादी काढायची, पोरांसमोर चिठ्ठ्या टाकून बारा जणांचे तास आधी घ्यायचे, उरलेल्या बारांचे पुढच्या महिन्यात. मधल्या चाचणीला दोन्ही बारा बसतात. सरासरीकडे परतायचं ते दोघेही सारखंच परततात, उरतो तो फरक तासांचा. फक्त बारा-बारा पोरांत एक-दोन मार्कांचा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून मी तीन वर्षांचे आकडे जोडले. अपूर्णांकाच्या तासांचा फरक ठळक दिसला. पाढे घोकून घेण्याच्या तासाचा दिसला नाही, आणि तो तास मी बंद केला. माझी सर्वात आवडती पद्धत ती होती, सर. बंद करताना वाईट वाटलं.

आणि पोरांना झापण्याबद्दल एक, कारण तुमच्या शाळेतही ते होत असणार. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांची गोष्ट सांगितली आहे. शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, रागावलं की सुधारतं, असा त्या प्रशिक्षकांचा अनुभव होता. उड्डाण फार चांगलं झालं तेव्हाच शाबासकी आणि फार वाईट झालं तेव्हाच राग, मग दुसरं काय दिसणार? मी वीस वर्षं याच समजुतीने सात मार्कवाल्या पोरांवर ओरडलो. त्यांना पुढच्या वेळी तेरा पडले की मला वाटायचं, ओरडलो म्हणून. त्या पोरांची आठवण मला आजही त्रास देते. ‘आकडेमोड’ म्हणून तुम्ही जे बाजूला सारता, ते मला तेव्हा कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या वर्गाची दोन्ही वेळची सरासरी आणि वरच्या १२ जणांचे दोन्ही वेळचे मार्क इथेच लिहा. पोरांची नावं नकोत. वर्गाची सरासरी तेवढीच राहून वरचे जर खाली आले नसतील, तर सातातले बहुतेक मार्क तुमचे आहेत, आणि ते मी लेखात तसं जोडेन.