‘कुत्र्याचं डिपॉझिट’: एका घरमालकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “भाऊ, तुमचा लेख वाचला. कुत्र्यासाठी जास्तीचं डिपॉझिट घ्या पण हिशोब करून परत करा, असं तुम्ही लिवता. घर माह्यं, अट माही. भाडेकरूनं लॅब्रेडोर पाळला, दारं कोरली, जाळी फाडली, घरात वास भरला. करारात स्पष्ट लिवलं होतं की कुत्र्याचे १५ हजार परत भेटणार नाहीत. मी ठेवून घेतले. यात चुकलं काय? आन् खेड्यात डिपॉझिटसाठी कोण कोर्टात जाते?”

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो. कोर्टात कोणी जात नाही हे मी मान्य करतो. पण डिपॉझिट परत मिळणार नाही असं ज्याला वाटतं, तो भाडेकरू निघायच्या आधीचे दोन-तीन महिने भाडंच देत नाही. लाइट बिल थकवतो आणि एका सकाळी टेम्पो लावून निघून जातो. आमच्या तालुक्यात मी करार लिहून देतो, तिथे हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही. भाडेकरूला कोर्टाची पायरी चढायची गरजच पडत नाही, कारण हिशोब त्याच्या हातात असतो.

आता तुमच्या अटीबद्दल. ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलं म्हणजे ती रक्कम आपली झाली, ही समजूत फार पसरलेली आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात नुकसानीपोटी रक्कम लिहिली असेल तर ती रक्कम ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत जेवढी वाजवी भरपाई होते, तेवढीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात हेच कलम घेऊन सांगितलं की नुकसान झालंच नसेल तर जमा रक्कम जप्त करून ठेवता येत नाही. ते प्रकरण जमिनीच्या लिलावातल्या बयाण्याचं होतं, कुत्र्याचं नव्हतं. पण तत्त्व तेच. तुमच्याकडे १५ हजार आहेत म्हणून तुमचं नुकसान १५ हजार होत नाही, ते मोजावं लागतं.

तुम्हाला परत न करायचं काही हवंच असेल तर त्याला डिपॉझिट म्हणू नका. महिन्याला २०० रुपये जास्त भाडं लावा आणि ते भाडं म्हणूनच लिहा. कुत्रा ठेवू द्यायची ती किंमत झाली, ती कमावून तुम्ही मोकळे. मुद्रांक शुल्कातही हा फरक दिसतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाडं, परत न होणारी रक्कम आणि परत होणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क बसतं. म्हणजे परत न होणारे ५,००० पूर्ण धरले जातात, परत होणाऱ्या ५,००० चं फक्त व्याज. रुपयांत हा फरक चहाच्या पैशाएवढा आहे, पण सरकारसुद्धा दोन्हीकडे वेगळ्या नजरेनं पाहतं एवढं त्यातून कळतं.

हे सगळं मी शहाणपणानं सांगत नाही, स्वतःच्या घराच्या अनुभवावरून सांगतो. गावातलं आमचं जुनं घर आम्ही उपकेंद्रातल्या एका सिस्टरला दिलं. भाडं ४,५००, डिपॉझिट १०,०००, आणि त्यांच्या कुत्र्यासाठी आणखी ५,०००. मोती नावाचा देशी कुत्रा, अंगानं दांडगा. त्या २२ महिने राहिल्या आणि बदली होऊन गेल्या. बाबांना पूर्ण १५ हजार ठेवायचे होते. करार मी लिहिला होता आणि त्यात ‘कुत्र्यामुळे झालेलं नुकसान भाडेकरू भरून देईल’ इतकंच एक वाक्य होतं. एवढ्या वाक्यावर भांडण होतं, हिशोब होत नाही. शेवटी सिस्टर, बाबा आणि मी एका रविवारी घरात बसलो आणि एकेक वस्तू घेतली.

आधी मधल्या खोलीचं सागवानी दार. खालचे दोन फूट ओरखड्यांनी भरले होते. सुताराने घासून पॉलिश करायचे १,८०० सांगितले. दार चाळीस वर्षांचं होतं, पण वयानं दारावर नखांच्या रेघा उमटत नाहीत. नवं दार मागितलं नव्हतं, दुरुस्तीच मागितली होती, म्हणून ते पूर्ण १,८०० सिस्टरकडे.

दुसरं, मच्छरदाणीची जाळी लावलेलं दार. नवी जाळी ७०० रुपयांची. पण फाटलेली जाळी सिस्टर येण्याच्या दोन वर्षं आधी बसवली होती, म्हणजे चार वर्षांची झाली होती. आपल्या उन्हात नायलॉनची जाळी पाचेक वर्षं टिकते असं धरलं तर तिचं एकच वर्ष उरलं होतं. त्यांच्या नावावर १४० रुपये. बाबा म्हणाले, “बाप्पा, १४० रुपयांत जाळी कुठे भेटते?” भेटत नाही. पण एका वर्षाची जाळी मोतीनं खाल्ली, आधीची चार वर्षं ती वापरात गेली होती.

खरी गडबड भिंतीची होती. पडवीच्या भिंतीवर खाली डाग आणि खपल्या होत्या आणि बाबा सगळं घर रंगवायचे ९,००० मागत होते. मी बोटानं खपली काढून पाहिली. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून ओल वर चढते आणि भिंतीला लोणा लागतो. लोणा भिंतीच्या लांबीभर साधारण एकाच उंचीपर्यंत असतो, बोटाला पांढरी भुकटी लागते आणि तो जिथे कुत्रा जातही नाही तिथेही असतो. लघवीचा डाग कोपऱ्यात, खांबाशी, दाराच्या चौकटीशी असतो, पिवळसर असतो आणि त्यावर पाणी शिंपडलं की वास परत येतो. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात मारला तर तो चमकतो, पण डिटर्जंटही चमकतं, म्हणून नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका. आमच्या पडवीत दोन्ही निघाले. लांब भिंतीचा लोणा आमचा, कोपरा मोतीचा. कोपऱ्याच्या प्लास्टरच्या दुरुस्तीचे ९०० पूर्ण घेतले. त्या दोन भिंतींच्या रंगाचे १,५०० होत होते, डिस्टेंपर तीन वर्षांचा होता, पाच वर्षं धरला तर दोन वर्षं उरलेली. म्हणून ६०० घेतले.

मग फरशी. इथे मला बाबांपुढे बोलायला जड गेलं. शहाबादी फरशीला वास येत होता म्हणून सिस्टर गेल्यावर बाबांनी संडास धुवायचं ॲसिड ओतलं होतं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं. वास तसाच राहिला आणि फरशीवर पांढुरके चट्टे उमटले. फरशी बदलायचा खर्च बाबा मोतीच्या खात्यात टाकत होते. नुकसान आपण स्वतः वाढवलं तर ते भाडेकरूकडून घेता येत नाही. फरशीचं काहीच घेतलं नाही. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते ओतून ओलं ठेवावं लागतं, हे मला नंतर कळलं.

शेवटी गोचीड. रिकाम्या घरात भिंतीच्या फटींतून गोचीड निघायला लागले. कुत्र्यावरचे तपकिरी गोचीड घरातच पिढ्या काढतात आणि कुत्रा गेल्यावरही महिनोन्‌महिने तग धरतात. दोनदा फवारणीचे ६०० झाले. सिस्टरने वाद न घालता मान्य केले.

१,८०० अधिक १४० अधिक ९०० अधिक ६०० अधिक ६००, म्हणजे ४,०४०. कुत्र्याच्या ५,००० मधून ९६० परत गेले आणि घराचे १०,००० पूर्ण. सिस्टरने शेवटच्या महिन्याचं भाडं आधीच दिलं होतं, कारण पहिल्या दिवशी आम्ही फोटो काढून दोघांनी सह्या केल्या होत्या आणि हिशोब होणार हे त्यांना ठाऊक होतं. ते फोटो नसते तर लोणा कोणाचा आणि लघवी कोणाची, हे मला सिद्ध करता आलं नसतं.

तुमच्या बाजूचं एक सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूवर हेच टाकतं की वाजवी झीज सोडली तर घर जसं घेतलं तसं परत द्यायचं. नखांचे ओरखडे वाजवी झीज नाहीत. म्हणून तुमचं दार तुम्ही नक्की वसूल करा. आणि नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त झालं तर उरलेलं मागायचा हक्क करारात लिहून ठेवा, नाहीतर भाडेकरू म्हणतो की डिपॉझिट घेतलं, विषय संपला.

करार तुम्ही स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतला असणार, कारण गावाकडे बहुतेक तसंच करतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी लागत नाही हाही गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर वादात भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं तुम्हाला. शिवाय शिक्षेची तरतूद आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा सगळ्याच गावांना सरसकट लागू नाही, पण नोंदणी केलेली कुठेच वाया जात नाही. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० आहे.

आता मी करारात कुत्र्यासाठी असं लिहितो: “एक कुत्रा, नाव व वर्णन सोबतच्या फोटोप्रमाणे. रेबीजच्या लसीचा दाखला दरवर्षी घरमालकास दाखवायचा. जनावरापोटी अनामत ५,००० रुपये, घर सोडल्यापासून ३० दिवसांत हिशोब करून परत. फक्त दुरुस्तीची बिले व जुन्या वस्तूंची उरलेली किंमत वजा होईल. घर सोडण्यापूर्वी गोचिडांची फवारणी भाडेकरू करील.” ३० दिवस यासाठी की गोचीड लगेच दिसत नाहीत. बकरी किंवा कोंबड्यांसाठी वेगळं वाक्य लागतं, त्यांना बांधायची जागा ठरवावी लागते. कुत्रा शेजाऱ्याला चावला तर ते सहसा भाडेकरूचं, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर हयगयीची जबाबदारी टाकतं.

तुमच्या १५ हजारांचं काय करायचं, ते मी इथून ठरवू शकत नाही. दाराचं सुताराचं बिल, जाळी किती वर्षांची होती आणि घर शेवटचं कधी रंगवलं, एवढं कळवा. आणि फरशीवर ॲसिड टाकलं असेल तर तेही लपवू नका.