टक्कर हल विम्यात येते, मग क्लबला पैसे कशाला?

प्रतिक्रिया:
"लेख वाचला. हल पॉलिसीत टक्करीची जबाबदारी धरलेली असते हे विम्यातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे, पण तुमच्या लेखात ते कुठेच नाही. मग जहाजमालकाने पी अँड आय क्लबला वेगळे पैसे का द्यायचे? एकाच जोखमीचे दोनदा पैसे उकळण्याचा प्रकार वाटतो. शिवाय क्लब म्हणजे विमा कंपनी नव्हे, मालकांची भिशी. मोठा दावा आला तर भिशी पुरणार आहे का?"

उत्तर:

हल विमा म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, आणि पी अँड आय क्लब म्हणजे इतरांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठी जहाजमालकांनी आपसात चालवलेली विमा संस्था. क्लबवरच्या माझ्या लेखात टक्करीबद्दल लिहायचं राहिलं, चूक माझीच. पण तुमचं वाक्यही पाऊणच खरं आहे, आणि हे अक्षरशः. १९८३ च्या इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस हल्स या शब्दांकनात, म्हणजे हल पॉलिसीच्या ठरलेल्या मजकुरात, आठवं कलम टक्करीचं आहे. त्यात दुसऱ्या जहाजाला द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा तीन चतुर्थांश भाग हल विमा देतो. उरलेला पाव क्लब देतो.

हा पाव हिस्सा कुठून आला, ते आधी सांगतो. १८३६ साली इंग्लंडच्या न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्या जहाजाला द्यावी लागणारी भरपाई हे 'समुद्राचं संकट' नव्हे, त्यामुळे साध्या हल पॉलिसीत ती बसत नाही. मग विमेदारांनी वेगळं कलम जोडून ती द्यायला सुरुवात केली, पण पूर्ण नाही. मालकाच्या खिशाला थोडी झळ बसली तर तो जहाज जपून चालवेल, असा त्यामागचा हिशोब. मालकांनी काय केलं? १८५५ साली एकत्र येऊन त्या पाव हिश्श्याचा आणि इतर उघड्या जबाबदाऱ्यांचा आपसात विमा उतरवला. झळ बसावी म्हणून ठेवलेला हिस्साच क्लबांच्या जन्माचं एक कारण ठरला, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता आकडे घेऊ. हे मी मानलेले आहेत, सोपे पडावेत म्हणून. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला मालकाने स्वतः सोसायचा पहिला भाग, आणि कायद्याने मिळणारी जबाबदारीची मर्यादा बाजूला ठेवतो. आपल्या जहाजाचा हल विमा २ कोटी डॉलरचा आहे. बंदरात शिरताना आपल्या पूर्ण चुकीने ते दुसऱ्या जहाजावर आदळतं आणि त्या धक्क्याने पुढे सरकून जेटीलाही धडकतं.

दुसऱ्या जहाजाची दुरुस्ती ६० लाख डॉलर, दुरुस्तीच्या काळात बुडालेलं भाडं २० लाख, त्यावरच्या मालाचं नुकसान ४० लाख. एकूण १ कोटी २० लाख. यातले ९० लाख हल विमा देईल, ३० लाख क्लब. आपल्या स्वतःच्या जहाजाची दुरुस्ती ३० लाख, ती हल विम्याची. इथवर तुमचं म्हणणं बऱ्यापैकी टिकतं.

पण जेटीचे ५० लाख? तिथे हल विमा एक पैसाही देणार नाही. टक्करीचं कलम फक्त दुसरं जहाज आणि त्यावरची मालमत्ता यांच्यापुरतं आहे. जेटी, पूल, बोया, क्रेन यांतलं काहीच जहाज नाही. दुसऱ्या जहाजावरचा एक खलाशी मरण पावला आणि भरपाई ५ लाख ठरली, तर जीवितहानी आणि इजा त्याच कलमात स्पष्ट वगळलेल्या आहेत. दुसऱ्या जहाजाची टाकी फुटून तेल किनाऱ्याला लागलं आणि सफाईचे ३० लाख शेवटी आपल्यावर आले, तर किनाऱ्याचं प्रदूषणही वगळलेलं आहे. या तिन्ही रकमा पूर्णपणे क्लबच्या.

बेरीज केली तर हल विम्याकडून १ कोटी २० लाख आणि क्लबकडून १ कोटी १५ लाख. धक्का एकच, पण यातली एकही रक्कम दोन्हीकडून मिळालेली नाही. क्लबच्या नियमांतच लिहिलेलं असतं की जे हल पॉलिसीतून मिळतं किंवा मिळायला हवं, ते आम्ही देणार नाही. मग पैसे दोनदा उकळले कसे?

जेटीच्या जागी मोठा पूल ठेवून पाहा. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोर बंदरातून निघालेलं 'डाली' हे कंटेनर जहाज वीज गेल्याने फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले, पूल कोसळला, बंदराचा मार्ग बंद पडला. मदतकार्य आणि मार्ग मोकळा करण्याच्या खर्चापोटी अमेरिकी सरकारशी झालेली तडजोडच सुमारे १० कोटी २० लाख डॉलरची, आणि पुलाचा दावा त्याहून वेगळा. तिथे दुसरं जहाज नव्हतंच. म्हणजे पाऊण-पाव वाटणीचा प्रश्नच आला नाही. असे दावे क्लबच्या दारात जातात, आणि 'डाली'चा क्लब होता ब्रिटानिया.

आपल्याच जहाजावरच्या मालाचं काय, असं तुम्ही विचाराल. तीही जबाबदारी क्लबची, पण वरच्या उदाहरणात ती बहुधा उभीच राहणार नाही. समुद्री मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांनुसार कप्तानाची किंवा खलाशांची नौकानयनातली चूक हा वाहकाचा बचाव आहे. जहाज निघतानाच सागरक्षम नव्हतं आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली नव्हती असं सिद्ध झालं, तर मात्र बचाव कोसळतो आणि दावा क्लबकडे येतो. म्हणून अपघातानंतर मालाच्या बाजूचा सर्व्हेयर सुकाणूच्या नोंदींइतकीच, कधी जास्तच, देखभालीच्या नोंदींची मागणी करतो.

आता ज्या खड्ड्यात मालक खरोखर पडतात, तो दाखवतो. टक्करीपोटी हल विमा जास्तीत जास्त विमा रकमेच्या तीन चतुर्थांश देतो. २ कोटींच्या पॉलिसीत ही मर्यादा दीड कोटी. समजा दुसऱ्या जहाजाचं नुकसान १ कोटी २० लाख नसून दुप्पट, २ कोटी ४० लाख निघालं. त्याचे तीन चतुर्थांश १ कोटी ८० लाख, म्हणजे मर्यादेच्या वर ३० लाख. क्लब आपला पाव, म्हणजे ६० लाख देईल, आणि वरचे ३० लाखही देईल. पण अट अशी की जहाजाचा विमा योग्य किमतीला उतरवलेला असावा.

जहाजाची खरी किंमत ३ कोटी असूनही हप्ता वाचवायला मालकाने ते २ कोटींनाच विम्यात दाखवलं असेल, तर क्लब म्हणतो: योग्य किमतीला विमा असता तर मर्यादा सव्वादोन कोटी झाली असती आणि हल विमेदाराने १ कोटी ८० लाख पूर्ण दिले असते. म्हणून ते ३० लाख आमचे नाहीत. विमेदाराचेही नाहीत. ते मालकाच्या खिशातून जातात. जहाजांचे बाजारभाव चढतात तेव्हा नूतनीकरणाला जुनीच रक्कम पुढे ओढली की हा खड्डा आपोआप तयार होतो, आणि टक्कर होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी फट शब्दांकन बदलताना पडते. सगळ्या हल पॉलिसी पाऊण हिश्श्याच्या नसतात. नॉर्डिक शब्दांकनात टक्करीची पूर्ण जबाबदारी आणि पूल-जेटीला धडकणंही हल विम्यात येतं. त्या मालकाचा क्लब त्यानुसार आपला हिस्सा वगळतो आणि वर्गणी लावतो. पुढे दलालाने स्वस्त पडतं म्हणून हल पॉलिसी पाऊणवाल्या शब्दांकनावर नेली आणि क्लबला कळवलं नाही, तर पाव हिस्सा आणि जेटी दोन्ही उघड्यावर पडतात. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून टक्करीचं कलम वाचणं हे काम पंधरा मिनिटांचं आहे.

जहाज बुडालं तर फरक आणखी ठळक होतो. पूर्ण नुकसान झालं की हल विमेदार ठरलेली रक्कम देतो. सांगाडा ताब्यात घ्यायला तो सहसा नकार देतो, कारण मालकी आली की जबाबदारीही येते. सांगाडा उचला, असा बंदराचा किंवा सरकारचा आदेश मग मालकालाच येतो. ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालेलं कोळशाचं 'राक' जहाज आठवा. त्यावर साधारण ६० हजार टन कोळसा होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांची भरपाई ठरवली, ती बुडलेल्या लोखंडाच्या किमतीवर नव्हे, प्रदूषणावर. सांगाडा काढणं आणि प्रदूषण या दोन्ही जबाबदाऱ्या हल पॉलिसीच्या बाहेरच्या, क्लबच्या खात्यातल्या. सांगाडा काढण्याचा खर्च जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त होणं या धंद्यात नवलाचं नाही. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'च्या बाबतीत तसंच झालं.

भिशीबद्दल. शब्द तितका चुकीचा नाही. सभासदच विमाधारक आणि सभासदच विमेदार. वर्ष २० फेब्रुवारीला सुरू होतं आणि तूट पडली तर पुरवणी वर्गणी मागता येते. पण मोठा दावा एकट्या क्लबवर पडत नाही. क्लबांच्या आंतरराष्ट्रीय गटात १२ क्लब आहेत आणि जगातल्या सागरी जहाजांच्या टनभाराचा सुमारे ९० टक्के भाग त्यांच्याकडे आहे. दाव्यातले पहिले १ कोटी डॉलर त्या क्लबचे, तिथून १० कोटींपर्यंत सगळे क्लब वाटून घेतात, त्यावर गटाने बाजारातून घेतलेला पुनर्विमा, म्हणजे विमेदारांनी स्वतःच्या जोखमीचा उतरवलेला विमा. 'डाली'चा भार याच पायऱ्यांनी वर चढला.

टीका करायचीच तर तुम्ही दुसऱ्या जागी करायला हवी होती. क्लबचा मूळ नियम आहे, 'आधी सभासदाने चुकवावं, मग क्लब परतफेड करेल.' मालक दिवाळखोर निघाला तर दावेदार क्लबकडे थेट जाऊ शकत नाही, हे १९९० मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सनेही मान्य केलं. हा नियम मला आजही खटकतो. तेल, इंधन आणि सांगाडे यांच्या आंतरराष्ट्रीय करारांनी त्याला भगदाड पाडलं आहे. तिथे क्लब 'ब्ल्यू कार्ड', म्हणजे विमा असल्याची लेखी हमी, देतो, त्यावर सरकार प्रमाणपत्र काढतं आणि बाधित माणूस क्लबवर थेट दावा लावू शकतो. इंधनासाठी हे १,००० टनांवरच्या आणि सांगाड्यासाठी ३०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजांना लागू आहे. टन म्हणजे इथे ग्रॉस टनेज, वजन नव्हे.

खलाशांसाठीही १८ जानेवारी २०१७ पासून तशीच सोय आहे. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च, तसंच मृत्यू किंवा अपंगत्वाची करारातली भरपाई, यांची हमी देणारी दोन प्रमाणपत्रं जहाजावर दर्शनी जागी लावावी लागतात. बहुतेक जहाजांवर ती क्लबचीच असतात. कोकणातून बोटीवर जाणाऱ्या मुलाने चढल्याबरोबर ती शोधावीत, मुदत पाहावी आणि क्लबच्या संकेतस्थळावर जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून नोंद चालू आहे का ते पडताळावं. हल पॉलिसीत त्याच्यासाठी एक ओळही नाही.