काकू, व्हाउचर?

पतसंस्थेत 16 वर्षं लोकांच्या व्हाउचरवर शिक्के मारले आणि बेचाळिसाव्या वर्षी जी. डी. सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या परीक्षेला बसायची हुक्की आली. परीक्षा मे महिन्यात, पेपर सहा. डिसेंबरात मी रंगीत पेनांनी वेळापत्रक काढून फ्रिजवर लावलं. जानेवारीत त्याच्यावर दुधाचा हिशेब लिहिला गेला.

मग ठरलं, रोज रात्री कुणाला तरी अभ्यासाचा मेसेज टाकायचा. पहिली निवड ऑफिसातली मैत्रीण, तीही याच परीक्षेला बसलेली. मी लिहायची, "आज जरा कमीच झाला गं." ती लिहायची, "माझाही. उद्या जोरात!" तीन आठवडे आम्ही एकमेकींना इतक्या प्रेमानं माफ करत होतो की त्याला अभ्यास म्हणायची लाज वाटावी. ऑडिटिंगच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात छापलंय की लेखापरीक्षक स्वतंत्र हवा. ते प्रकरण आम्ही दोघींनी वाचलं नव्हतं, एवढंच.

स्वतंत्र लेखापरीक्षक वरच्या मजल्यावर सापडली. बारावीत, नीटची तयारी, वय 17, दयामाया शून्य. सकाळी 7 ला दोघींनी आजचं काम लिहायचं आणि रात्री साडेनवाला झालेलं कळवायचं, असा करार झाला. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "ऑडिटिंग, 3 तास." रात्री लिहिलं, "झालं." लगेच उत्तर, "काकू, व्हाउचर?"

खर्चाचा पुरावा मागायचं माझंच हत्यार! रोज जेवणाच्या ताटावर व्हाउचरच्या गोष्टी सांगितल्याचा हा परिणाम.

तिचं म्हणणं असं, "तास कोण मोजणार? पुस्तक उघडून तुम्ही मालिका बघितली तरी 3 तास होतातच की." मग सकाळच्या मेसेजात तास बंद झाले. त्याजागी आलं, "सहकार कायदा 1960, कलम 81 ते 88. पुस्तक मिटून एक पान स्वतःच्या शब्दांत." रात्री त्या पानाचा फोटो.

आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी ऑफिसात वार्षिक हिशेबाची धांदल, घरी पाहुणे आणि पाहुण्यांसाठी पांढरा रस्सा. मी मंगळवारचंच पान पुन्हा पाठवलं. दोन मिनिटांत फोन.

"काकू, ह्यो आमटीचा डाग मंगळवारी पण इथंच होता की."

कोपऱ्यात, कलम 83 च्या बरोबर डोक्यावर, रुपयाएवढा पिवळा डाग. तेव्हापासून पानावर तारीख आली आणि जोडीला एक मिनिटाचा आवाजी मेसेज, ज्यात मी ते कलम तिला समजावून सांगायचं. तिला सहकारातलं काडीचं कळत नाही, आणि तेच माझ्या जिवावर आलं. मी घडाघडा बोलले, "कलम 83 म्हणजे निबंधकांनी संस्थेच्या कारभाराची करायची चौकशी." तिनं विचारलं, "बरं, चौकशी झाली. मग बुडालेले पैसे कोण भरतंय?"

मी गप्प. मला 83 आणि 88 दोन्ही कलमं पाठ होती, पण दोघांची भेट मी कधी घालून दिली नव्हती. 83 च्या चौकशीत किंवा लेखापरीक्षणात संस्थेचं नुकसान उघड झालं, की ते कुणामुळं झालं आणि किती भरून घ्यायचं, हे 88 खाली ठरतं. रात्री दहाला ते मी तिला सांगितलं तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं. उत्तर चूक आहे की बरोबर, हे तिला कळत नाही, त्यासाठी मी रविवारी जुने पेपर सोडवून तपासते. पण मी अडखळले की तिला बरोबर ऐकू येतं.

चैत्रात जोतिबाची यात्रा. डोंगरावरून गुलालात न्हाऊन आले, साडेनऊ झालेले, पान कोरं. थाप मारायला डोकंही चालेना. लिहिलं, "आज शून्य." मला वाटलं, आता फटके. तर ती लिहिते, "चालतंय. उद्याचं बोला. आजचं उद्यावर ढकलायचं न्हाई." हा तिचाच नियम. आधी मी दोन दिवसांची थकबाकी तिसऱ्यावर चढवायची आणि त्या डोंगराला बघूनच चौथ्या दिवशी पुस्तक उघडायची नाही. थकीत कर्जाचं काय होतं हे 16 वर्षं बघूनही मला सुचलं नव्हतं.

काल मात्र साडेनऊ झाले, दहा झाले, तिचा मेसेज नाही. मी बोटं शिवशिवत लिहिलं, "बाईसाहेब, व्हाउचर?"

उत्तर तिच्या आईनं पाठवलं. फोटोत लेखापरीक्षक जीवशास्त्राच्या वहीवर गाल ठेवून गाढ झोपलेली, पेन हातात, गालावर अर्ध्या पेशीची निळी आकृती उमटलेली. खाली लिहिलेलं, "ह्यावर तारीख कुठं टाकू?"