पाकिटावर आधी दळण वाचा, मग भाजणी

«तुमचा लेख वाचून पाकीट बघून कॉफी घेतली. चिकमगळूर अरेबिका, लाइट रोस्ट, पोअर ओव्हरसाठी दळलेली. घरच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन चमचे घातली. डिकॉक्शन पाच मिनिटांत खाली आलं आणि दुधात आंबट, पाणचट लागलं. पाकिटावरची माहिती फक्त विक्रीसाठी असते.»

डिकॉक्शन पाच मिनिटांत उतरलं हे लिहिलंत ते फार बरं झालं, दोष तिथेच सापडतो. स्टीलच्या फिल्टरची भोकं पाण्याला फारसं अडवत नाहीत, अडवते ती बारीक पूड. पोअर ओव्हरचं, म्हणजे कागदी फिल्टरवर वरून हळूहळू पाणी ओतून करायच्या कॉफीचं, दळण जाड्या रव्यासारखं असतं, त्यातून पाणी सरळ निघून जातं. म्हणून पाकिटावर सगळ्यात आधी दळण बघा. भाजणी कमी-जास्त असली तरी पाणी आणि वेळ बदलून सांभाळता येते, जाड दळलेली पूड घरी नीट बारीक होत नाही.

दुसरं कारण भाजणीचं. कमी भाजलेला दाणा घट्ट असतो आणि अर्क सावकाश सोडतो. आंबटपणा पाण्यात लवकर उतरतो, गोडवा आणि कडवटपणा मागाहून. तुमच्या फिल्टरमध्ये पाणी थोडं, तेही निवत जाणारं, त्यामुळे काम आंबटावरच थांबलं. वर दूध घातलं की लाइट रोस्टचा नाजूक सुगंध दबतो.

उरलेली पूड वाया घालवू नका. १५ ग्रॅम पूड स्टीलच्या भांड्यात घ्या, नुकतंच उकळलेलं २४० मिली पाणी ओता, ढवळा आणि झाकण ठेवा. पाच मिनिटांनी कागदाच्या फिल्टरमधून किंवा स्वच्छ पातळ फडक्यातून गाळा आणि दुधाशिवाय प्या. अजून आंबट वाटली तर सात मिनिटं ठेवा.

स्टीलच्या फिल्टरसाठी पुढच्या वेळी मीडियम-डार्क रोस्ट आणि 'साउथ इंडियन फिल्टर' असं लिहिलेलं बारीक दळण घ्या. २० ग्रॅम पूड हलक्या हाताने सपाट करा, १०० मिली उकळतं पाणी घाला. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन उतरायला हवं. तासभर अडकलं तर पूड फार दाबली गेली किंवा फारच बारीक आहे. चिकोरी असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. तिच्यामुळे डिकॉक्शन दाट होतं आणि सावकाश उतरतं, दुधाच्या कॉफीत ते चालतं.

मूळस्थान मी शेवटी वाचतो. नुसतं 'चिकमगळूर' कॉफी करायची पद्धत ठरवायला पुरत नाही, तिथे गर काढून धुतलेली आणि फळासकट वाळवलेली अशी दोन्ही प्रकारची कॉफी होते. नाव उपयोगी पडतं ते 'मॉन्सून मलबार'सारख्या कॉफीत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी दमट वाऱ्यात ठेवलेले हे दाणे फुगतात आणि त्यांचा आंबटपणा उतरतो. तुम्हाला दुधाचीच कॉफी आवडत असेल तर बारीक दळलेली, गडद भाजलेली मॉन्सून मलबार तुमच्या फिल्टरला चांगली जमेल.