रूमच्या कागदावर किराया सगळ्यात वर लिहा

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की मेस आणि झेरॉक्सच्या दुकानांतले बोर्ड 'रूम किरायाने देणे आहे'च्या कागदांनी भरून जातात. त्यातल्या निम्म्यांवर किरायाच नसतो. "प्रत्यक्ष भेटीत सांगू" म्हणे! मग दिवसभर फोन येतात, आकडा ऐकला की "बरं, कळवतो" आणि संपलं.

शेजारच्या काकूंचा कागद असाच होता. वर गणपती, खाली गेटासकट चार फोटो आणि मजकूर असा: 'हवेशीर, प्रशस्त खोली, सर्व सुविधा. संपर्क करा.' फोटो मोबाईलवर झकास दिसत होते, पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये मधल्या छटा उडतात. त्यामुळे खोलीची कोळशाची वखार झाली होती. चारही फोटो काढले, तेव्हा कुठे अक्षर मोठं करायला जागा मिळाली. नवा मजकूर असा झाला:

बजाजनगर : १ रूम, किराया ६,०००
विद्यार्थिनींसाठी, दोघींना मिळून. व्हीएनआयटी पायी.
डिपॉझिट १ महिन्याचा किराया. लाइट बिल वेगळ्या मीटरप्रमाणे, पाणी किरायात.
खिडकीत कूलरची जागा, बाजूलाच नळ. संडास-बाथरूम स्वतंत्र.
फोन संध्याकाळी ६ ते ९. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

'दोघींना मिळून' हे तीन-चार वेळा वाचून मग घातलं. नुसतं ६,००० लिहिलं की एक मुलगी तो आकडा डोक्यामागे समजते आणि दुसरी पूर्ण खोलीचा. गैरसमज झाला तर दोन्हीकडचा वेळ जातो.

सुविधांमध्ये पंखा, ट्यूबलाइट लिहूच नका, ते असतंच. ज्यानं खर्च किंवा रोजचं जगणं बदलतं तेवढंच लिहा. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय रात्र निघत नाही. कूलर ठेवायला खिडकी आहे का आणि त्यात पाणी भरायला बादल्या वाहाव्या लागतील का, हे बाहेरगावच्या मुलीला सुचत नसेल, पण तिच्यासोबत आलेले विदर्भातले बाबा नक्की विचारतात. म्हणून ती ओळ बाथरूमच्याही वर.

फोटो मागितले तर तीनच पाठवा: खोली, बाथरूम, कूलरची खिडकी. दुपारी काढा आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर उजेड समोरून येऊन खोली अंधारी दिसते. खिडकीचा फोटो तेवढा वेगळा.

नंबर एकच द्या, पाच-पाच आकड्यांत तोडून. छापलेल्या कागदावरचाच नंबर बघून एकदा फोन लावा, आपल्याला पाठ असलेला नको. आणि कागद भिंतीवर, खांबावर चिकटवू नका. त्याला १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे. दुकानदाराला विचारून बोर्डावर लावा.

खाली फाडून न्यायच्या पट्ट्या ठेवणार असाल तर त्यावर नुसता नंबर नको. 'बजाजनगर, ६,०००' एवढं प्रत्येक पट्टीवर हवं. दिवसभर रूम शोधणाऱ्या पोरीच्या पर्समध्ये संध्याकाळी चार पट्ट्या निघतात, आणि कोणता नंबर कोणत्या खोलीचा हे तिला आठवत नाही.