नियमित होतो तो व्यवहार, ले-आऊट नव्हे

प्लॉट घेणाऱ्यांकडून सध्या असा युक्तिवाद ऐकू येतो: «शासनाने तुकडेबंदी, म्हणजे ठराविक क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या विक्रीवरची बंदी, उठवली, गुंठ्यांचे प्लॉट आता फुकटात नियमित होतात. रजिस्ट्री झाली, ग्रामपंचायतीने टॅक्स लावला, मीटर बसले की बँकही कर्ज देते. मग एन.ए.-टी.पी.च्या, म्हणजे अकृषिक परवानगी आणि नगररचनेची मंजुरी असलेल्या प्लॉटला दुप्पट पैसे कशाला घालायचे?»

पहिली अडचण तारखेची आहे. तुकडेबंदीच्या कायद्यात 2025 मध्ये झालेली दुरुस्ती 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातील तुकड्यांच्या व्यवहारांपुरती आहे, आणि तीही शहरे, विकास प्राधिकरणांची हद्द, प्रादेशिक योजनेतील निवासी क्षेत्र, गावठाणालगतचा पट्टा अशा ठराविक जमिनींनाच लागू आहे. गुंठ्यांनी पाडलेल्या विनापरवाना प्लॉटांना नियमित करणारा 2001 चा गुंठेवारी कायदा वेगळा असून त्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेण्यात आली. म्हणजे आज इसार देणारा ग्राहक दोन्ही तारखांच्या बाहेर उभा आहे. त्यावर काही दलाल मागील तारखेचे इसारपत्र करून देतो म्हणतात. मुद्रांक कागद विकला गेल्याची तारीख नोंदलेली असते आणि अशी सोय म्हणजे सरळ बनावट दस्त, हे मात्र ते सांगत नाहीत.

समजा, तारीख बसते असे धरले, तरी नेमके काय नियमित होते? तालुक्याच्या गावाला लागून असलेले दोन एकरांचे कपाशीचे वावर घ्या. एक गुंठा 1,089 चौरस फूट, म्हणून 80 गुंठ्यांचे 87,120 चौरस फूट झाले. मालकाने 30 बाय 50 चे, म्हणजे 1,500 चौरस फुटांचे 45 प्लॉट चुन्याने आखले, तर 67,500 चौरस फूट विक्रीला गेले आणि उरलेल्या 19,620 मध्ये वीस-वीस फुटांचे रस्ते बसवले. एवढ्या जमिनीच्या मंजूर रेखांकनात, म्हणजे ले-आऊटमध्ये, दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती येथे 8,712 चौरस फूट, जवळपास सहा प्लॉटांएवढी होते. ते सहा प्लॉट तर विकले गेलेले आहेत. अंतर्गत रस्ता नऊ मीटरचा करण्यास सांगितले, तर वीस फुटांच्या, म्हणजे सुमारे सहा मीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर हवे आणि प्रत्येक प्लॉटची खोली पन्नासवरून पंचेचाळीस फुटांवर येते. तुकड्याचा व्यवहार वैध ठरला म्हणून ही जमीन कोठून उगवत नाही. ती कोणाच्या वाट्यातून द्यायची यावर 45 मालकांचे एकमत व्हावे लागते, आणि तोपर्यंत लेआऊटवाला मोकळा झालेला असतो.

हाच धागा वीज आणि नालीपर्यंत जातो. वीज कायदा 2003 नुसार जागेच्या मालकाला किंवा ताबेदाराला वीज मागता येते. त्यामुळे मीटर बसणे हा जागेच्या वैधतेचा पुरावा होत नाही. शिवाय वाहिनीच वाढवावी लागणार असेल तर ते काम झाल्यावर जोडणी मिळते आणि त्याचा खर्च अर्जदाराकडून घेता येतो. मंजूर लेआऊटमध्ये खांब आणि रोहित्र विकासकाच्या गळ्यात असते. येथे ज्याने आधी घर बांधले त्याच्या गळ्यात येते, नाहीतर बांबूवरून केबल ओढावी लागते. रस्त्याची गोष्ट अधिक अवघड आहे. सात-बारा काढून पाहिला तर त्या रस्त्याची जमीन बहुधा अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावे असते. ग्रामपंचायतीकडे ती हस्तांतरित झालेली नसल्यामुळे तेथे मुरूम टाकण्यास किंवा नाली काढण्यास सार्वजनिक निधी लावता येत नाही, आणि उद्या वारसांनी तारेचे कुंपण घातले तर काळ्या मातीत टँकर फसण्याची तक्रारही उरत नाही, कारण टँकर आतच येत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरील नोंद ही कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून मालकी किंवा बांधकाम परवानगी सिद्ध होत नाही.

कर्जाच्या बाबतीत बँक आडमुठेपणा करते असे म्हणणे बरोबर नाही. थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला सरफेसी कायदा 2002 देतो, परंतु त्याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमिनीचे तारण त्यातून वगळले आहे. सात-बाऱ्यावर जिरायत शेती म्हणून नोंद असलेला दीड गुंठा घेऊन बँकेने करायचे काय? शिवाय गृहकर्जाविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत मंजूर नकाशाची मागणी आहे, आणि अनधिकृत वसाहतीतील मालमत्ता नियमित होऊन तिचे विकास शुल्क भरले जाईपर्यंत कर्ज देऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. एखादी पतसंस्था पगारावर पैसे देते, ते वैयक्तिक कर्ज असते. व्याज आणि मुदत त्याच हिशेबाने लागते. पुढे विकायला काढल्यावर येणाऱ्या ग्राहकालाही हीच अडचण येते, म्हणून रोख देणाराच शोधावा लागतो आणि तो भाव पाडून मागतो.

फलकावर ‘एन.ए. प्रस्तावित’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ एन.ए. झालेले नाही एवढाच घ्यावा. तात्पुरती मंजुरीही पुरेशी नाही. भूमी अभिलेखची मोजणी झाल्यानंतरचे अंतिम रेखांकन मागावे, त्यावर आपला प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा स्वतः जुळवाव्यात, आणि रस्ते व मोकळी जागा हस्तांतरित झाल्याचा कागद पाहिल्यावरच इसाराचे पैसे द्यावेत.